केसांच्या कडेला

आईने माझ्या हातचं जेवण सोडलं ते माझ्या केसांमुळे. हे डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते माझ्याकडे असे पाहायला लागले, जणू विसरण्याचा आजार आईला नसून मलाच झालाय. पण खरं तेच होतं. आईच्या डोक्यातली तिची पोरगी काळ्याभोर केसांची, नुकतीच नोकरीला लागलेली. आणि ताट घेऊन समोर उभी मी, पन्नाशी ओलांडलेली, डोकं पांढरंफटक.

"तू कोण वं बुढे?" ती विचारायची. "माही पोरगी कुठं गेली? ती आल्यावरच जेवीन मी."

"मीच आहो ना आई, तुही पोरगी."

"खोटं नको बोलू. तिचे केस काळे आहेत."

आणि ताट उडवायची. वरणभात भिंतीवर, माझ्या साडीवर. मी चिडायचे, ओरडायचे, मग ओट्याशी जाऊन रडायचे. घरात आम्ही दोघीच, त्यामुळे पाहायला कोणी नव्हतं. शेजारच्या पार्लरवालीच्या हातून ती चहात बुडवलेलं बिस्किट तेवढं घ्यायची. डॉक्टरांनी सांगून टाकलं, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. मी आईला ओळखते. ती नळी उपटणार, आणि मग तिचे हात पलंगाला बांधावे लागणार. ज्या हातांनी मला न्हाऊमाखू घातलं ते हात मी बांधायचे, या विचाराने मला घास गिळेनासा झाला.

म्हणून केस काळे करायचे ठरवले. आयुष्यात कधी रंग लावला नव्हता. उलट रंग लावणाऱ्या बायकांची मी ऑफिसात यथेच्छ टिंगल करायचे.

पार्लरमध्ये जाणं शक्य नव्हतं. एकदा आईला तिथे घेऊन गेले होते, तर चारी भिंतींच्या आरशांत म्हाताऱ्या बाया पाहून ती किंचाळत सुटली. घरातल्या आरशांवरही मी तेव्हापासून टॉवेल टाकले होते. लग्नसराईमुळे पार्लरवालीलाही माझ्याकडे येऊन तासभर बसायला फुरसत नव्हती. तिने मोबाइलवर बोलून सगळी यादी पाठवली.

"ताई, ग्लोव्हज घ्याचे, ब्रश घ्याचा, शेपटीचा कंगवा घ्याचा. वाटी प्लास्टिकची, स्टीलची अजिबात नाही. केस लांब आहेत तं रंगाचे दोन डबे लागतीन. क्लिपा घ्याच्या, लांब चोचीच्या. टायमर घ्या, मोबाइलच्या भरवशावर नका राहू, ग्लोव्हजचा रंग लागंल त्याले. जुना टॉवेल घरचा चालंल. आणि बॅरिअर क्रीम. नसंल भेटत तं पेट्रोलियम जेली. ते केसांच्या कडेले लावाचं, म्हणजे कपाळ काळं होत नाही. आणि पहिले कानामागं थोडासा रंग लावून दोन दिवस पाहाचं. खाज सुटली तं लावाचाच नाही."

दुपारी ती जेवणाच्या सुट्टीत आईजवळ येऊन बसली आणि मी महालातल्या बाजारात पळाले. बांगड्यांच्या दुकानातल्या माणसाने क्लिपा म्हणून फुलपाखरं काढली, तीही चमचमणारी. "चोचीच्या द्या," मी म्हटलं. "बेबी के लिए लेके जाओ ना, अच्छी दिखेगी," तो म्हणाला. बॅरिअर क्रीम मागितलं तर गोरं होण्याचं क्रीम पुढे केलं. मी इतकी करवादले की बाजूची बाई बांगड्या भरता भरता थांबली. तिला काय माहीत, माझ्या घरी एक माणूस उपाशी बसलंय. शेवटी पेट्रोलियम जेलीची डबी घेतली. टायमर भांड्यांच्या दुकानात मिळाला, चावीचा, टोमॅटोसारखा.

कानामागे रंगाचा ठिपका लावून ते दोन दिवस कसे काढले माझं मला ठाऊक. आई चहा-बिस्किटावर. तिची मनगटं पाहवत नव्हती. रात्री-बेरात्री हात आपोआप कानामागे जायचा. खाज सुटू नये म्हणून मी देवाला हात जोडले, आणि असल्या गोष्टीसाठी हात जोडावे लागतात म्हणून त्याच्यावर चिडलेही.

खाज सुटली नाही. तिसऱ्या दिवशी न्हाणीघरात शिरले, आरशावरचा टॉवेल काढला. जेली बोटावर घेतली आणि केसांच्या कडेला, कपाळावरच्या आणि कानशिलांवरच्या केसांना, मुळापासून चोपडून लावली. कपाळ काळं व्हायला नको म्हणून जरा जास्तच. ग्लोव्हज घातले, प्लास्टिकच्या वाटीत दोन्ही डब्यांतलं एकत्र केलं, केसांचे चार भाग करून क्लिपा लावल्या आणि मुळांपासून ब्रश फिरवायला लागले. पाठीमागचं दिसत नव्हतं, हात भरून आले. बाहेरून आई दार बडवत होती. "बुढे, निघ माह्या घरातून! माही पोरगी येऊन राहिली!"

"येऊन राहिली, आई," मी आतून म्हटलं. "थोडी थांब."

टोमॅटो टिकटिकत होता. तो वाजल्यावर पाणी स्वच्छ येईपर्यंत केस धुतले आणि वर पाहिलं. डोकं काळंभोर. आणि कपाळाभोवती, कानशिलांवर, बोटभर पांढरी किनार. जिथून माणसाचा चेहरा सुरू होतो नेमकं तिथेच.

पार्लरवालीला फोन लावला. तिच्याकडे नवरी बसलेली. "अवं ताई, कडेले म्हणजे कातडीले! केसांले काहून लावलं? त्याच्यावर रंग चढतच नाही ना!"

रंग संपला होता. पुन्हा बाजार, पुन्हा आईजवळ कोणाला तरी बसवणं, तोवर अजून एक दिवस उपास. मी ओल्या फरशीवर बसले आणि वाटलं, संपलं सगळं. मग दार बडवणंही थांबलं, त्याची जास्त भीती वाटली. उठले. ओढणी कपाळावर पुढे ओढून घट्ट बांधली, दूध-पोळी कुस्करली आणि बाहेर आले.

आई पलंगाच्या काठावर बसली होती. मी वाटी घेऊन वाकले आणि ओढणी सरकली. हात दूध-पोळीने भरलेले, सावरता येईना. तिने माझ्या कपाळाकडे नीट पाहिलं.

"पीठ लागलं वं केसाले," ती म्हणाली. "पोया करून राहिली होती का?" आणि पदराने ती किनार पुसायला लागली. पुसलं जाईना तेव्हा थुंकी लावून पुसली, मी शाळेत निघाले की पुसायची तशीच.

"हो आई, पोया."

"किती उशीर केला. मले भूक लागली."

तिने तोंड उघडलं. मी एकेक घास देत गेले आणि ती खात गेली, हळूहळू, माझ्या मनगटाला धरून. मला हसूही येत होतं आणि डोळ्यांतलं पाणीही थांबत नव्हतं. तेही तिने पुसलं. वाटी संपत आली तशी ती थांबली. दाराकडे पाहायला लागली.

"ती बुढी कुठं गेली वं?"

"कोणती, आई?"

"होती ना एक इथं. माह्यासाठी दिवसभर खपे बिचारी. मी लय बोलली तिले, ताट फेकलं तिच्या अंगावर." तिचा आवाज बारीक झाला. "तिनं काही खाल्लं नसंल. गेली असंल रुसून."

मी वाटीतला शेवटचा घास गोळा केला.

"येईल ती," मी कसंबसं म्हटलं.

"मंग तिच्यासाठी ठेव," आई म्हणाली. शेवटचा घास तिने तोंडात घेतला नाही. माझ्या हातातून काढून वाटीच्या कडेला ठेवला आणि माझ्याकडून वचन घेतलं, की बुढी आली की तिला जवळ बसवून खाऊ घालायचं.

ती झोपल्यावर न्हाणीघरातल्या आरशावर मी पुन्हा टॉवेल टाकला. मग पलंगाशी बसून तो घास खाल्ला.