पास झालेला फ्लेक्स

राहुरीतल्या आमच्या फ्लेक्सच्या दुकानात एका डेअरीवाल्याने डिझाईन पास केलं, तेव्हाच मी त्याचा लेयर कॉम्प, म्हणजे फोटोशॉपमध्ये त्या मांडणीची नोंद, करून ठेवला होता. मग मेहुण्याचा फोटो घाला, मोठा करा, असे रोज बदल. शेवटी म्हणाला, "पहिलंच बरं हुतं."

मी कॉम्पवर क्लिक केलं. मेहुणा गेला, पण डेअरीवाल्याचं तोंड लिंबाएवढंच राहिलं! कॉम्पला जागा आणि दिसणं-लपणं कळतं, आकार नाही. म्हणून आकार बदलायचा तर त्या फोटोच्या लेयरची कॉपी घे, मूळ लपवून ठेव, हे दुकानातल्या माझ्या भागीदाराला शंभरदा बजावलं होतं. पण याने मेहुण्याला जागा करायला डेअरीवाल्याचा मूळ फोटोच बारीक केला, वर त्याच नावाने फाईल सेव्ह केली. आता ताणला की फोटो फाटून चौकोन-चौकोन दिसत होता. मी दात-ओठ खात डेअरीवाल्याने दिलेला फोटो पुन्हा घेऊन नव्याने कापत बसलो, तर हा भागीदार बाजूला बसून चहा पीत म्हणतो, "लई येळ लावतो तू."