मदतनीस ते तंत्रज्ञ

पंचशीला सोनकांबळे उमरीहून सकाळच्या गाडीने नांदेडला आली आणि तिथून लातूरची एसटी धरली. ज्या खाजगी दवाखान्याच्या लॅबमध्ये तिने साडेचार वर्षं काढली होती, तिथे तिला अनुभव प्रमाणपत्र मागायचं होतं. नांदेडला कंत्राटी प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या जागा निघाल्या होत्या. पदविका झाल्यानंतरचा दोन वर्षांचा अनुभव पाहिजे, असं जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं. कागदपत्रं तपासणीला चार दिवस उरले होते.

फोन तिने तीनदा केला होता. व्यवस्थापक संगमेश दरवेळी "बघतो" म्हणून ठेवून द्यायचा. म्हणून ती स्वतःच निघाली.

"ताई, तुम्ही नोटीस न देता गेलात," संगमेशने तोंडावर सांगितलं. "असं गेलेल्याला लेटर द्यायचं न्हाई, असं सरांनी सांगून ठेवलंय."

ते खरंच होतं. २०२१च्या जानेवारीत वडिलांना लकवा मारला, तेव्हा ती नेसत्या कपड्यांनिशी उमरीला गेली आणि पुन्हा आली नाही. लॅबमध्ये तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. आठ दिवस नमुने बाहेर पाठवावे लागले, हे तिला नंतर कळलं होतं.

तिने पिशवीतून अर्ज काढला. रात्रीच लिहून ठेवला होता. "हा आवक करून घ्या, अन् मला पोच द्या. न्हाई म्हणायचं तर सरांनी म्हणू द्या."

संगमेशने शिक्का मारून एक प्रत परत दिली. शिक्का मारायला त्याला फारसं काही वाटलं नाही. मग तो फाईल शोधायला आत गेला आणि अर्ध्या तासाने लेटरहेडवर छापलेला कागद घेऊन आला. "सरांनी सही केली तर घेऊन जावा."

तिने वाचला. जून २०१६ ते जानेवारी २०२१, पद: लॅब मदतनीस. कुठेच तंत्रज्ञ नव्हतं.

"मी शेवटची अडीच वर्षं टेस्ट करत होते, संगमेशभाऊ."

"नेमणूकपत्रात मदतनीस हाय. हजेरीपटावर पण तेच. मी मनानं कसं लिहू?"

चूक त्याची नव्हती. पदविकेचा निकाल लागल्यावर डॉक्टरांनी तोंडी सांगितलं होतं, उद्यापासून रक्त तू तपासायचं. कागद कुणी बदलला नाही, अन् तिनेही मागितला नाही.

ओपीडी संपायला दोन वाजले. डॉक्टर रामलिंग हुडे चष्मा पुसत खुर्चीत बसले होते. त्यांनी तिला ओळखलं, पण बस म्हणाले नाहीत.

"एक फोन करायचा होता," ते म्हणाले.

"चुकलं सर. तेव्हा बाबांच्या पलीकडं काही सुचलंच नाही."

"कसे आहेत आता?"

"गेले, तेवीस साली."

डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग बसायला सांगितलं. कागद वाचला, तिचं म्हणणं ऐकलं आणि म्हणाले, "मग पूर्ण साडेचार वर्षं तंत्रज्ञ लिहून टाकतो. तुझं काम होईल."

क्षणभर तिला मोह झाला. साडेचार वर्षं म्हणजे गुणांकनात चांगला फरक पडला असता.

"नको सर. माझा निकाल जुलै अठराचा हाय. त्याच्या आधी तंत्रज्ञ लिहिलं तर तपासणीत दोन्ही कागद शेजारी ठेवतील. अन् तेव्हा मी बाटल्याच धूत होते."

"मग ऑगस्ट अठरापासूनचं काही दाखवता येईल? उद्या कुणी फोन करून विचारलं तर मलाही काहीतरी दाखवावं लागेल."

"लॅबची नोंदवही. तपासणाऱ्याची सही असायची."

संगमेश वरच्या मजल्यावरून जुन्या नोंदवह्यांचा गठ्ठा घेऊन आला. दोन ऑगस्टपासून प्रत्येक पानावर, हिमोग्लोबिन अन् साखरेच्या आकड्यांपुढे, तिची बारीक सही होती. जानेवारी २०२१च्या अकरा तारखेला ती थांबली होती. पुढे आठ दिवस रकाना रिकामा होता. डॉक्टर त्या रिकाम्या रकान्यावर जरा रेंगाळले, मग वही मिटली.

"दोन ओळी वेगळ्या कर," त्यांनी संगमेशला सांगितलं. "जून सोळा ते जुलै अठरा मदतनीस. दोन ऑगस्ट अठरा ते अकरा जानेवारी एकवीस तंत्रज्ञ. कामाचं स्वरूप पण लिही. जावक क्रमांक टाक, अन् खाली माझा नोंदणी क्रमांक."

सही, शिक्का, तारीख. तिने उभ्यानेच दोनदा वाचलं. आडनावात 'सोनकांबळे'चं 'सोनकाबळे' झालं होतं. संगमेशने न कुरकुरता पुन्हा छापलं, डॉक्टरांनी पुन्हा सही केली.

तपासणीच्या दिवशी नांदेडच्या टेबलावर बसलेल्या बाईंनी पदविका अन् प्रमाणपत्र खरंच शेजारी ठेवलं. तारखांवरून पेन फिरवला. पहिली ओळ सोडून दुसऱ्या ओळीचे महिने मोजले, दोन वर्षं पाच महिने असं समासात लिहिलं आणि पुढचं नाव पुकारलं.

निवड यादीत ती शेवटून दुसरी होती. नेमणूक किनवटला मिळाली, घरापासून लांब. हजर होण्याआधी तिने डॉक्टरांना फोन केला. ते राऊंडला होते, म्हणून निरोप संगमेशने घेतला. किनवटला पहिल्या दिवशी नेमणुकीचा आदेश हातात पडला, तेव्हा सगळ्यात आधी तिने त्यात पदाचं नाव काय लिहिलंय ते पाहिलं, अन् मगच हजर अहवालावर सही केली.