जयवंताबाई बोलत नाही

वर्षालीला जयवंताबाईचा आता मनापासून राग येऊ लागला होता. जयवंताबाई हाडामांसाची असती तर चार शब्द सुनावून मोकळं होता आलं असतं. पण ती होती गेममधली म्हातारी. गावातला पोस्टमन बेपत्ता झालाय, त्याला शेवटचं पाहिलंय फक्त तिनं, आणि ते ती कुणाला सांगायला तयार नव्हती.

सिंदी मेघेतल्या घरी बसून वर्षाली पुण्याच्या एका छोट्या कंपनीसाठी हा गेम बांधत होती. संवादाची सगळी यंत्रणा तिची. प्रत्येक पात्राची एक जेसन फाइल. फाइलमध्ये पात्राचं वाक्य, खाली खेळणाऱ्यासाठी उत्तरं, आणि प्रत्येक उत्तरापुढे तीन गोष्टी लिहिलेल्या: ते कोणत्या अटीवर दिसावं, निवडल्यावर कोणता आकडा बदलावा, पुढे कोणत्या वाक्यावर जावं. जयवंताबाईचा 'विश्वास' दोनपासून सुरू व्हायचा. तो दोन किंवा जास्त असेल तरच पोस्टमनबद्दल विचारायचं उत्तर पडद्यावर येणार, नाहीतर नुसतं 'निघतो'.

पुण्यात राकेशकडे गोष्ट शेवटपर्यंत जात होती. पुलगावात गोष्ट लिहिणाऱ्या गजेंद्रनं ज्यांना ज्यांना खेळायला दिलं, ते सगळे जयवंताबाईच्या अंगणात अडकले. राकेश हा या कामाचा प्रमुख. त्यानं स्पष्टच सांगितलं होतं, शुक्रवारपर्यंत सुटलं नाही तर तयार सॉफ्टवेअर विकत घेऊ. म्हणजे वर्षालीची यंत्रणाही गेली आणि वर्षालीही. अटी तपासून तपासून तिचे डोळे चुरचुरत होते. जेवताना आई काय बोलते ते तिला ऐकू येईनासं झालं होतं. कोडमध्ये चूक म्हणून नव्हती. असती तर निदान तिच्याशी भांडता आलं असतं.

शेवटी ती पुलगावला गेली. गजेंद्रच्या वडिलांचं, मोतीलालजींचं, कापडाचं दुकान होतं. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मोतीलालजी चहा मागवू लागले, ती 'नको काकाजी' म्हणाली, ते 'अशी कशी जाशीन' म्हणाले, आणि चहा आला. तिनं मोबाइल त्यांच्या हातात दिला आणि बाजूला बसून पाहत राहिली.

पडद्यावर जयवंताबाईनं विचारलं, "चहा घेतोस का रे बापू?" मोतीलालजींनी बोट ठेवलं, 'नको, आताच घेऊन आलो.' विश्वास एकावर आला. म्हातारी गप्प. ते निघाले, पुन्हा आले. पुन्हा चहा, पुन्हा 'नको'. विश्वास शून्य.

"काकाजी, चहाले नाई काऊन म्हनता तुमी?"

"पयल्यांदा इचारल्याबरोबर कोनी हो म्हन्ते का?" मोतीलालजी खरंच बुचकळ्यात पडले होते. "ते म्हातारी अजून इचारीन नं. आग्रहच करून नाई राह्यली."

वर्षालीनं डोक्याला हात लावला. 'नको'पुढे 'विश्वास वजा एक' हे तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. समोरच्याचा चहा नाकारला म्हणजे त्याचा अपमान, एवढा साधा विचार करून. तिच्याच हातात त्या क्षणी नको म्हणूनही मिळालेला चहा होता.

"राकेश सरले पयल्याच झटक्यात चहा पायजे असन," गल्ल्यावर बसलेला गजेंद्र म्हणाला. तिला हसूही आलं नाही, इतकी ती थकली होती.

तिथंच गल्ल्याशेजारी बसून तिनं 'नकार' नावाचा नवा आकडा घातला. प्रत्येक 'नको'ला तो एकनं वाढायचा आणि संवाद पुन्हा चहाकडे वळायचा. नकार तीन झाले तरच विश्वास उतरणार. मधली आग्रहाची वाक्यं गजेंद्रनं लिहून दिली. मोतीलालजींनी नव्यानं खेळ सुरू केला, दोनदा नको म्हणाले, तिसऱ्यांदा चहा घेतला, आणि जयवंताबाई घडाघडा बोलली.

शुक्रवारी सकाळी राकेशचा फोन आला. "मस्त झालंय. तुझीच यंत्रणा ठेवतोय आपण." मग म्हणाला, "आवाज फार दमलेला वाटतोय तुझा. आठवडाभर सुट्टी घेतेस का?"

वर्षालीला कितीतरी महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं, आणि तिला ती सुट्टी हवी होती, फार हवी होती.

"नको सर, ठीक आहे मी," ती म्हणाली आणि फोन कानाला घट्ट धरून थांबली.

"बरं मग," राकेश म्हणाला, "उद्यापासून पोस्टमास्तरची फाइल घे हातात."