मुंग्यांचा परिच्छेद

आमच्या शाळेतल्या भाषेच्या बाई सव्वीस वर्षं एकाच खुर्चीवर बसत होत्या, आणि त्या खुर्चीवरून चूक कबूल केल्याचं मी तरी कधी ऐकलं नव्हतं. माझं टेबल त्यांच्या शेजारी. मी शास्त्र शिकवते, म्हणून माझ्या वाक्यांना व्याकरण नसतं असं त्यांचं ठाम मत.

शिष्यवृत्ती परीक्षेची उत्तरसूची लागली त्या आठवड्यात शिंप्याची मुलगी त्यांच्याकडे आली. तिला शिष्यवृत्ती एका गुणाने हुकत होती. उताऱ्याला योग्य शीर्षक निवडा, या प्रश्नात तिने ‘मधमाश्यांचा संवाद’ निवडलं होतं. उत्तरसूचीत ‘कीटकांचे संदेशवहन’ होतं. बाईंनी तिला उभ्या उभ्या समजावलं. मधमाशी हे नुसतं उदाहरण आहे, उतारा सगळ्या कीटकांचा आहे, तुझं शीर्षक तोकडं पडतं. मुलगी म्हणाली, माझंच चुकलं, आणि गेली. बाईंनी ते समजावणं इतकं झकास केलं की मलाही पटलं.

दोन दिवसांनी, मधल्या सुट्टीत, ती प्रश्नपत्रिका माझ्या हाती लागली. किडे म्हटलं की मी वाचतेच. पहिल्या परिच्छेदात मधमाशी नाचून फुलांची दिशा सांगते, दुसऱ्यात वासाने धोक्याची सूचना देते, तिसऱ्यात पोळ्यातले आवाज. उतारा संपला.

“बाई, यात मधमाशीशिवाय दुसरा किडा कुठे आहे?” मी विचारलं.

“मुंग्या आहेत की शेवटी. आणि वाळवी.”

“नाहीत.”

त्यांनी कागद ओढून घेतला. वाचता वाचता त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मग दार लोटून त्यांनी जे कोणाला सांगायचं नसतं ते मला सांगितलं: हा प्रश्न त्यांनीच काढला होता. छापखान्यातून निरोप आला होता की उतारा पानात मावत नाही, बारा ओळी कमी करा. बाईंनी मुंग्या-वाळवीचा परिच्छेद काढून टाकला. शीर्षकाकडे मात्र पुन्हा पाहिलं नाही, आणि पुढे ती काटछाट विसरूनही गेल्या. उतारा आखूड झाला आणि ते जुन्या मापाचं शीर्षक त्याला ढगळ होऊन बसलं.

मी पर्याय पुन्हा पाहिले. ‘मधमाशीचे नृत्य’ फक्त पहिल्या परिच्छेदाचं, वास आणि आवाज बाहेर राहतात. ‘मधमाश्यांचे जीवन’ म्हटलं तर मध, राणी, पिल्लं सगळंच हवं. त्यातलं काही नाही. ‘कीटकांचे संदेशवहन’ला निदान आणखी एक किडा तरी लागतो. उरलं शिंप्याच्या मुलीचं, सगळं कवेत घेणारं आणि वर काही शिल्लक न ठेवणारं.

आक्षेपाची मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत होती. बाईंनी परीक्षा कार्यालयात फोन लावला. प्रश्न काढणाऱ्याने बोलायचं नसतं, असं तिकडून कोरडेपणाने सांगण्यात आलं. आक्षेप विद्यार्थ्याच्या नावाने आणि पालकाच्या सहीने हवा. अकरा वर्षं पेपर काढण्याचा मान बाईंकडे होता. तो आता जाणार हे त्यांना कळत होतं, कारण बारा ओळी कोणी उडवल्या ते तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्यांना खात होतं ते वेगळंच. “पोरगी घरी जाऊन काय म्हणाली असेल?” हे त्या शिंप्याच्या दुकानाच्या वाटेत तीनदा म्हणाल्या.

शिंपी शिलाईयंत्रावर वाकलेला होता. मुलगी क्लासला गेली होती. बाईंनी अर्ज पुढे केला आणि कशाबशा म्हणाल्या, “उत्तरसूची चुकली आहे. तुमच्या मुलीचं बरोबर होतं.” त्याने मान वर केली. “पण बाई, तुम्हीच तर तिला...” वाक्य तिथेच सोडून त्याने बोटं पुसली आणि सही केली. पाचला दहा मिनिटं असताना आम्ही परीक्षा कार्यालयाच्या खिडकीशी पोचलो. कारकुनाने शिक्का मारेपर्यंत माझाच जीव टांगणीला लागला होता.

पुढचे तीन आठवडे बाई धड जेवल्या नाहीत. मग सुधारित उत्तरसूची आली, मुलीला गुण मिळाला, शिष्यवृत्तीही मिळाली. बाईंना कार्यालयाचं दोन ओळींचं पत्र आलं: यापुढे आपल्या सेवेची गरज नाही. त्यांनी ते घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

मुलगी पेढे नाही, काही नाही, नुसती येऊन टेबलाशी उभी राहिली. खुश होती, पण काहीतरी टोचत होतं.

“बाई, माझं बरोबर होतं, तर मग तुम्ही मला चूक कसं पटवून दिलंत?”

मला वाटलं, आता छापखान्याचं सांगतील. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“मला उत्तर आधीच माहीत होतं, बाळ,” त्या म्हणाल्या. “म्हणून मी उतारा वाचलाच नाही. तू वाचला होतास.”