चोवीसच्या जागी अठ्ठेचाळीस

नांदेडात बसून इंग्रजीतून कोरियनमध्ये भाषांतर करते असं सांगितलं, की लोक आधी माझ्या तोंडाकडे बघतात आणि मग विचारतात, म्हणजे त्या मालिकांचं का? मालिकांचं काम कुणी दिलं असतं तर मी उड्या मारत घेतलं असतं. माझ्याकडे येतात औषधांच्या चाचण्यांचे आराखडे. सहा वर्षं कोरियात नोकरी करून परतले, ती भाषा सोबत आली आणि तीच आता पोट भरते.

परवाचा आराखडा हृदयाच्या औषधाचा होता. पूर्ण नव्हे, त्याचा गोषवारा, आठ पानं. तो चाचणीला परवानगी देणाऱ्या कोरियातल्या नैतिक समितीपुढे जाणार होता. आठ पानं म्हणून कुणी हलकं समजू नये. चाचणीत कोणाला घ्यायचं, कोणाला नाही आणि शेवटी कशाला परिणाम म्हणून मोजायचं, हे सगळं त्यात असतं. 'चाळीस किंवा त्याहून जास्त' आणि 'चाळीसहून जास्त' यांना कोरियनमध्ये वेगळे शब्द आहेत. पहिल्यात चाळीसवाला माणूस आत येतो, दुसऱ्यात दाराबाहेर राहतो. 'तपासणीच्या आधी तीन महिने' आणि 'गट ठरवण्याच्या आधी तीन महिने' यातही तसंच. मूळ मजकुरात काही खटकलं, तरी आपण शहाणपणा करून दुरुस्त करायचं नाही. प्रश्न लिहून पाठवायचा आणि उत्तर येईपर्यंत हात बांधून बसायचं. माझा स्वभाव तापट आहे, पण या शिस्तीत मला बरं वाटतं. ही शिस्त मी अण्णांकडून घेतली.

अण्णा, माझे वडील, लातूरच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. गाडी कधी आली, कधी सुटली, हे लिहिणं त्यांचं काम. वेळापत्रकात दहा आहे आणि गाडी दहा सतराला आली, तर ते दहा सतराच लिहीत. ड्रायव्हर गयावया करायचे, अण्णांचा पेन हलायचा नाही. आई गेल्यावर ते लातूरलाच एकटे राहिले. हृदय दुबळं झालं, तेव्हा तिथल्या एका दवाखान्यात चाललेल्या औषधाच्या चाचणीत त्यांनी नाव दिलं. रोज सकाळी एक गोळी घ्यायची आणि घेतल्याची वेळ डायरीत लिहायची. डायरी मिळाल्यावर ते इतके खूश झाले, जणू नोकरीवर परत घेतलं.

आमचा नियम होता: रोज सकाळी व्हिडिओ कॉल. गेल्या वर्षी एका मंगळवारी ते चहा पीत बोलले, ठीक दिसत होते. बुधवारी मला एक काम पोचवायचं होतं. नंतर करू म्हणत म्हणत दिवस गेला आणि मी फोन केलाच नाही. गुरुवारी सकाळी डबेवाली मावशी आली, तर बुधवारचा डबा दाराच्या कडीला तसाच लटकलेला. अण्णा खुर्चीत होते.

त्या दुपारी चाचणीचं काम बघणाऱ्या उदगीरच्या ताईंचा फोन आला. फार अदबीनं विचारलं, काकांना जिवंत आणि बरं असं शेवटचं कधी पाहिलं? समोर बिलोलीची आत्या बसली होती, तिला आमचा रोजचा नियम ठाऊक होता. मी म्हणाले, काल सकाळी नऊला, व्हिडिओवर, चहा पीत होते. मंगळवारचा चहा मी बुधवारी नेऊन ठेवला. तोंडातून निघालं आणि मग मागे घेता आलं नाही. खरं तर घेता आलं असतं. मी घेतलं नाही.

तेव्हा मला वाटलं होतं, कागदावरच्या एका ओळीनं काय बिघडतं. परवाच्या आराखड्यात ती ओळ पुन्हा समोर आली. चाचणी दुसरीच, कंपनी दुसरीच, पण 'अचानक हृदयमृत्यू' कशाला म्हणायचं याची व्याख्या जवळजवळ तीच. कोणी पाहत नसताना मेलेला माणूस, सापडण्याआधीच्या चोवीस तासांत जिवंत आणि स्थिर होता हे माहीत असलेला. त्याहून जुनी माहिती असेल, तर 'कारण अनिश्चित' असा वेगळा रकाना. मी ते वाक्य लावलं, पुढे गेले. खोलीत पंखा फिरत होता आणि मला चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला. तसा तो अण्णांचाच आवाज होता, फुर्रर्र करून बशीतून ओढलेला. मी स्वयंपाकघरात जाऊन बघून आले. मला भीती वाटली, हे लपवत नाही.

काम संपल्यावर आकडे तपासणारं सॉफ्टवेअर चालवलं. ते नेहमी खोट्या तक्रारी करतं. इंग्रजीत अक्षरांत लिहिलेला 'दोन' कोरियनमध्ये आकड्यात आला, तरी बोंबलतं. पस्तीस-चाळीस तक्रारी आल्या, मी सवयीनं एकेक खोटी ठरवत गेले आणि फाइल पाठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं भाषांतर तपासणाऱ्या सोलच्या बाईंची टिप्पणी आली. त्या माझ्याहून वयानं मोठ्या आणि बोलायला मऊ. मृत्यूच्या व्याख्येत मूळ मजकुरात चोवीस तास आहेत, तुमच्याकडे अठ्ठेचाळीस. तुम्हाला मिळालेल्या आवृत्तीत वेगळं होतं का, असं त्यांनी विचारलं होतं. ही त्यांची सभ्यता. निसटायला वाट करून दिली होती.

मी फाइल उघडून पाहत राहिले. अठ्ठेचाळीस. मी टाइप केल्याचं मला आठवत नव्हतं, अजूनही आठवत नाही. मंगळवार सकाळ ते गुरुवार सकाळ. हाताला खरं ठाऊक होतं आणि त्यानं ते परक्या माणसांच्या कागदावर लिहून ठेवलं होतं. त्या कागदावरून उद्या तिकडच्या कुणाचा मृत्यू भलत्याच रकान्यात पडला असता.

चूक माझीच, आवृत्ती तीच, असं मी कळवलं. चोवीस केलं, खोटी ठरवलेली प्रत्येक तक्रार पुन्हा उघडून तपासली. कुठेच दुसरी चूक नव्हती. मग मी लातूरला फोन लावला.

उदगीरच्या ताईंनी ओळखलं. चाचणी अजून चालू आहे म्हणाल्या. मी सांगितलं, बुधवारी मी फोन केलाच नव्हता, अण्णांना शेवटचं मंगळवारी सकाळी नऊला पाहिलं. थांबा म्हणाल्या आणि काकांची फाइल काढून आणली.

"काकाच्या डायरीत बुधवारचा रकाना कोराच व्हता, ताई," त्या म्हणाल्या. "गोळी बी एक जास्तीची निघाली. म्या तुम्हाला इचारलं तवा तुम्ही म्हणलात, विसरले असतील. म्या तसंच लिहिलं."

हे मी विसरूनच गेले होते. उरलेल्या गोळ्या आणि डायरी परत द्यायला गेले, तेव्हा माझं खोटं टिकावं म्हणून मी तेही बोलले होते. मंगळवारच्या रकान्यात अण्णांचं शेवटचं अक्षर होतं: सात चाळीस.

आता काय होईल, मी विचारलं. त्या म्हणाल्या, आधीचं पुसता येत नाही. त्याच्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता यायला पाहिजे, बाजूला खरं लिहून तारीख आणि सही करायची. मग मृत्यू कोणत्या रकान्यात घालायचा ते ठरवणारी समिती पुन्हा बघेल. काका कदाचित 'अनिश्चित'मध्ये जातील.

"जाऊ द्या," मी म्हणाले. "पण ताई, ते 'विसरले' लिहिलंय ना, त्याच्यावर पण रेघ मारा. ते विसरले नव्हते."

"हाव," त्या म्हणाल्या, आणि पलीकडून पान उलटल्याचा आवाज आला.