आधी भावाला विचारायचं

माझी धाकटी बहीण पडदे शिवते. मोजमाप घ्यायला गेली की लोकांच्या खिडक्यांवरून तिला घरातली भांडणं कळतात, असं ती म्हणते. स्वतःच्या घरातलं मात्र कळायला उशीर झाला.

आईचं आजारपण तिनेच काढलं. आई मृत्युपत्र न करताच गेली. मागे राहिलं एक घर, एक दुकानाचा गाळा आणि बँकेतली ठेव. वारस आम्ही तिघं: मी थोरली, मधला भाऊ आणि ही. धाकटी त्या घरातच राहायची, पुढच्या खोलीत तिचं मशीन होतं. भावाला घर विकून तीन वाटे हवे होते. तो म्हणाला, "सेवा केलीस म्हणून घर तुझं होत नाही." तिने कुलूप बदललं. त्याने वाटणीचा दावा लावला. मग दोन वर्षं ती एका जागी बसली म्हणून नाही. जेवताना उठायची, दार लागलंय का बघायची, परत यायची.

न्यायाधीशांनी आम्हाला मध्यस्थीकडे पाठवलं. मध्यस्थ बाई पेशाने वकील. पहिल्याच बैठकीत त्यांनी सांगितलं, "मी निकाल देणार नाही. तुम्ही ठरवाल तेच होईल, आणि इथलं बोलणं कोर्टात वापरता येणार नाही." आधी सगळे एकत्र, मग एकेकाला आत बोलावून. एकट्यात बोललेलं आमच्या परवानगीशिवाय त्या दुसऱ्याला सांगत नसत.

चौथ्या बैठकीत जमलं. घर धाकटीला, गाळा भावाला, ठेव मला. किमतीत फरक होता, तो तिघांनी समजून मान्य केला. करार लिहिला गेला, आमच्या आणि वकिलांच्या सह्या झाल्या.

"सुटलो," मी म्हटलं.

"अजून न्यायाधीशांचा हुकूम नाही, ताई," धाकटी म्हणाली. "दादा तोवर गप्प बसेल?"

नाही बसला. कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, "करार वाचलात? कुणाचा दबाव?" मी आणि धाकटी उत्तर देऊन मोकळ्या झालो. भाऊ घसा खाकरून म्हणाला, "साहेब, एक राहिलंय. तिने घर कधी विकलं, तर आधी मला विचारावं."

धाकटी गर्रकन माझ्याकडे वळली. "बघितलंस?"

न्यायाधीश शांतपणे म्हणाले, "करारात नाही ते मी घालू शकत नाही. आहे तसं मान्य करा, किंवा परत मध्यस्थांकडे जा. सगळ्यांना पटलं तर लिहून आणा."

परत त्याच बोळातून त्याच खोलीकडे. धाकटी वाटेत फणकारली, "म्हणजे घर माझं आणि नाक त्याचं."

"तुला विकायचंय कुठे?" मी म्हटलं.

"नसेल विकायचं. पण माझ्याच घराला त्याची परवानगी?"

बाईंनी तिला एकटीला आत घेतलं. काय झालं ते तिनेच नंतर सांगितलं. बाईंनी विचारलं, "भीती नेमकी कसली?" ती म्हणाली, "विचारलं आणि हा उत्तरच देणार नाही. गिऱ्हाईक निघून जाईल, मी लटकत राहीन." मग भावाला बोलावलं. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. माझ्याशेजारी बसून म्हणाला, "परक्याच्या हाती जायच्या आधी मला कळायला नको का? आईचं घर आहे गं."

"हे दोन वर्षांपूर्वी बोलायला काय झालं होतं?"

"तेव्हा कुलूप बदललं होतं तिने."

शेवटी कलम झालं: विकायचं ठरलं तर धाकटीने त्याला लेखी कळवायचं, त्याने एका महिन्यात, बाहेरचं गिऱ्हाईक देईल त्याच किमतीला घेतो की नाही ते लेखी सांगायचं, उत्तर आलं नाही तर ती मोकळी. बाईंनी मोठ्याने वाचून दाखवलं. धाकटीने दोनदा वाचायला लावलं. मग प्रत्येक पानावर नव्याने सह्या.

दुपारी न्यायाधीशांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले. या वेळी भाऊ म्हणाला, "मान्य आहे." कराराप्रमाणे हुकूम झाला.

बाहेर धाकटीने आपल्या वकिलाला अडवलं. "आता हा फिरला तर?"

"फिरता येणार नाही. हुकूम मोडला तर नवा दावा लावायचा नाही, याचीच अंमलबजावणी मागायची. प्रमाणित प्रत मिळाली की घराची नोंदणी तेवढी करून घ्या."

भाऊ पायऱ्यांवर थांबला होता. "सोडू का घरापर्यंत?"

"नको. आम्ही बसने जाऊ," ती म्हणाली.

बसमध्ये तिची चुळबुळ थांबेना. पर्स उघड, बंद कर. शेवटी म्हणाली, "ताई, पुढच्या खोलीला उजेड कमी आहे. मला कधीतरी मोठ्या खोलीचं घर घ्यायचं होतं, हे खरंच विकून. आता आधी त्याला लिहावं लागेल."

"मग लिही की."

"आणि तो म्हणाला 'मी घेतो' तर?" ती खिडकीकडे वळली. "तर मला चालेल असं वाटतंय. हेच मेलं मला झोपू देणार नाही."