वरचं वर, खालचं खाली

आमच्या हेडमास्तरांचा आयुष्यात एकच शत्रू होता. अपूर्णांकांची बेरीज करताना वरच्यात वरचं आणि खालच्यात खालचं मिळवणारं पोरगं. अर्ध्या अंबडला त्यांनी गणित शिकवलेलं. एखाद्यानं अर्धा अधिक पाव बरोबर दोन षष्ठांश लिहिलं की ते सगळ्या वर्गासमोर विचारायचे, "अर्धी भाकर खाल्ली, वरून चतकोर खाल्ली, आन् पोटात गेली किती, तर एक तृतीयांश? मंग अर्धीतली कुठं सांडली रे?" वर्ग हसायचा आणि त्या पोराला ते जन्मभर लक्षात राहायचं.

अशा माणसाच्या शाळेत मी गणिताची बाई. दर रविवारी सकाळी पाच पोरांना ऑलिम्पियाडचं शिकवायचे. त्यातली एक मुलगी विशेष हुशार, पाचवीपासून आमच्याच शाळेत, घनसावंगीकडून बसनं यायची. तिला ती परीक्षा द्यायचीच होती, आणि ती आता जवळ आली होती. असलं शिकवणारं कुणी हवं तर संभाजीनगर गाठावं लागतं. तिच्या घरचे म्हणालेले, "अंबडपर्यंत ठीक. त्याच्या पुढं पाठवणार न्हाई." माझं घर म्हणजे दोन खोल्या आणि एक टीव्ही. म्हणून हेडमास्तरांच्या हातापाया पडून शाळेतली कोपऱ्याची खोली मागून घेतली होती. ती गेली असती तर वर्ग बंद, आणि पोरीची परीक्षाही गेल्यातच जमा.

त्या रविवारी मी फळ्यावर लिहिलं:

a²/x + b²/y ≥ (a + b)²/(x + y)

पोरांना म्हटलं, वर वर्ग असलेले अपूर्णांक असे मिळवायचे असतील, तर अंशांची बेरीज करून तिचा वर्ग करा आणि छेदांच्या बेरजेनं भागा. खरं उत्तर याच्या खाली कधी जात नाही. मोठं, फार तर तेवढंच. भल्याभल्या गणितांना हे एका ओळीत लोळवतं. मी अगदी रंगात आले होते, आणि दारात हेडमास्तर.

त्यांनी फळा पाहिला. आधी वरचं, मग खालचं, मग माझ्याकडे.

"बाई, हे काय लावलंय?"

"असमानता आहे, सर."

"मला दिसतंय काय आहे ते. वरच्यात वरचं, खालच्यात खालचं! पाचवीची पोरं करत्यात म्हणून मी घसा फोडून राह्यलो, आन् तुम्ही रविवारी खोली उघडून हेच शिकवता?"

माझा स्वभाव तसा तापटच. पोरांसमोर बोलल्यावर तर टाळकंच सरकलं. "सर, चिन्ह बघा की आधी! बरोबरचं न्हाई ते. मोठं किंवा तेवढंच. अन् वर वर्ग आहेत."

"चिन्ह बदललं म्हणून चोर साव होत नसतो."

"मंग मोडून दाखवा!"

तोंडातून निघून गेलं. हेडमास्तरांचे डोळे चमकले. "ठरलं. पुढच्या रविवारपर्यंत मोडलं, तर ही कोपऱ्याची खोली बंद. न्हाई मोडलं, तर तुम्ही ऱ्हा खुशाल."

अगं बाई, पैजेवर वर्ग लावणारी मी पहिलीच असेन! पण मागे हटायची लाज वाटली.

तो आठवडा मजेत गेला. हेडमास्तर प्रार्थनेला उभे, पण ओठ हलत होते ते पाढ्यांनी. शिपाईमामा मला सांगून गेले, "सर चहा थंड करून राह्यले." गुरुवारी ते स्टाफरूममध्ये जवळजवळ धावतच आले.

"चार भागिले तीन, अधिक सोळा भागिले सहा. म्हणजे दोनचा वर्ग आन् चारचा. बेरीज किती? चार. आता तुमचं. दोन आन् चार सहा, सहाचा वर्ग छत्तीस, भागिले नऊ. चार! बराबर आलं! तुमचं मोठं कुठं गेलं?"

"तेवढंच चालतं सर. दोनास तीन आणि चारास सहा, प्रमाण एकच आहे. असं असलं की बरोबरच येतं."

त्यांनी कागदावर प्रमाण ताडून पाहिलं. "हां," म्हणाले, आणि कागद खिशात घालून चालते झाले. मी मनात म्हटलं, जिंकले गं बाई.

रविवारी ते पोरांच्या आधी येऊन बसले होते. गेल्या वेळचं सूत्र कुणी पुसलेलं नव्हतं. त्याच्याखाली त्यांनी सावकाश लिहिलं, एकाचा वर्ग भागिले तीन, अधिक एकाचा वर्ग भागिले वजा एक.

"एक तृतीयांश वजा एक. म्हणजे वजा दोन तृतीयांश. आता बाईंचं. एक आन् एक दोन, वर्ग चार. खाली तीन आन् वजा एक, दोन. चार भागिले दोन, दोन." खडू फळ्यावर आपटला. "वजा दोन तृतीयांश दोनाहून मोठं हाय का? मोडलं!"

मी तावातावानं म्हणाले, "छेद धन पाहिजेत, सर!"

"लिहिलंय कुठं?"

मी फळ्याकडे पाहिलं. कुठंच नव्हतं. घनसावंगीची ती मुलगी दप्तराचा पट्टा घट्ट धरून बसली होती, आणि मला रडू येईल असं वाटलं.

मग तीच उठली. हळूच म्हणाली, "सर, डावीकडून उजवीकडचं वजा करून बघू का?" त्यांनी खडू दिला. तिनं छेद सारखे केले, वर काटाकाट केली, आणि शेवटी एवढंच उरलं:

(ay − bx)² / xy(x + y)

"वर वर्ग आहे, तो ऋण होत नाही," ती म्हणाली. "खाली दोन्ही छेद धन असले की सगळं धन. म्हणून डावीकडचं मोठं. तुमच्या गुरुवारच्या गणितात दोन सक बारा, चार त्रिक बारा. वर शून्य आलं, म्हणून बरोबर झालं."

हेडमास्तरांनी खडू तिच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतला आणि आपलं मोडलेलं उदाहरण त्यात घातलं. वर सोळा. खाली तीन गुणिले वजा एक गुणिले दोन, वजा सहा. वजा आठ तृतीयांश. मग वजा दोन तृतीयांशातून दोन वजा केले. वजा आठ तृतीयांश.

"अरे!" ते म्हणाले. "माझं मोडलेलं पण बराबर हिच्यातच बसलं की!" आणि एवढे मोकळे हसले, की पोरंही हसली.

मग तिच्याकडे वळले. "पाचवीत तू हीच बेरीज केल्ती न्हाई का? मी शून्य दिल्तं."

"हो सर."

"ते शून्यच. वर वर्ग नव्हता." पण तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाले.

मला वाटलं, मिटलं. तर त्यांनी खिशातून कुलूप काढलं. "चला, दप्तरं उचला. पैज म्हणजे पैज. बाईंनी अट लिहिली न्हाई, मी मोडून दाखवलं. खोली बंद."

सगळे व्हरांड्यात आलो. त्यांनी कुलूप लावलं, ओढून पाहिलं, आणि समोर चालू लागले. आपल्या ऑफिसचं दार सताड उघडलं. आत भिंतभर फळा, पंखा, पाहुण्यांच्या खुर्च्या.

"शर्त कोपऱ्याच्या खोलीची होती," ते म्हणाले. "तिथं पाच पोरंच मावत होती. सहावा कुठं बसणार?"

टेबलामागची आपली खुर्ची सोडून ते त्या मुलीशेजारी येऊन बसले आणि पेनचं टोपण काढलं.

"हां बाई, आता तीन अपूर्णांकांचं सांगा. आन् छेद धन हायेत, हे आधी लिव्हा."